टीव्ही एकदम बंद पडलाय, आत एक कपॅसिटर फुगलेला आणि फ्यूजही उडालेला. आधी कशाच्या मागे लागू?

रानवारा
नमस्कार मंडळी. घरचा ३२ इंची एलईडी टीव्ही, आठ वर्षं झाली, बुधवार रात्रीपासून चालू होत नाहीये, पुढचा लाल दिवासुद्धा लागत नाही. मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग येतं बऱ्यापैकी, म्हणून मागचं कव्हर उघडलं तर पॉवर सप्लायच्या बोर्डवर अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला अगदी चिकटून दोन कपॅसिटर उभे आहेत, दोन्ही १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे, त्यातल्या एकाचं डोकं टम्म फुगलंय. मला वाटलं सापडला चोर. बाजारातून तसाच आणला, बदलला, टीव्ही तसाच मेलेला. मग फ्यूज बघितला तर तोही गेलेला. नवा ३.१५ अँपिअरचा टाकून प्लग लावला आणि बटण दाबताक्षणी आत फट्ट करून तोही उडाला. माझ्याकडून कपॅसिटर उलटा बसलाय का? त्यामुळे फ्यूज जातोय का? आई रोज संध्याकाळी कीर्तन लावते, चार दिवस नुसती बसून आहे, म्हणून जरा घाई आहे.

पक्या_इचलकरंजी
भावा कपॅसिटर उलटा बसला असणार, दुसरं काय. पट्टीची बाजू मायनस असते ते बघ. आणि फ्यूज सारखा सारखा उडत असेल तर पाच अँपिअरचा टाक, नाहीतर तांब्याच्या वायरची एक तार बांध, आमच्या इथे पॉवरलूमच्या पॅनलला तसंच करतात, निदान कळेल तरी काय जळतंय ते.

जुनासोल्डर
पक्या, तार अजिबात बांधायला सांगू नकोस. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, त्याच्या जागी तार घातली की तेच काम बोर्डवरची तांब्याची पट्टी करते, ती बोर्डवरून उखडून जाते आणि मग शंभर रुपयांच्या कामाचा सगळा बोर्ड बदलावा लागतो, आग लागायची ती वेगळीच. माझं दुकान बावीस वर्षं होतं, असे तार बांधलेले सेट किती आले असतील याची गणती नाही.

रानवारा, आता तुझ्याकडे येतो. तू दोन वेगळे आजार एकच समजतोयस. तो फुगलेला कपॅसिटर सप्लायच्या पलीकडच्या बाजूला आहे, ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, तिथे १२ व्होल्ट असतात. तो कितीही खराब झाला तरी सहसा फ्यूज उडत नाही, कारण तिकडे शॉर्ट झाला तर सप्लायचा आयसी स्वतःच थांबतो, परत चालू व्हायला बघतो, परत थांबतो. तेव्हा लाल दिवा लुकलुकतो किंवा आतून टिक टिक आवाज येतो. उलटा बसवला असतास तर कपॅसिटरच फुटला असता, आणि तुझा सप्लाय तर अजून चालूच झालेला नाही. काचेचा फ्यूज उडतो तो अलीकडच्या बाजूला काहीतरी शॉर्ट असेल तर, म्हणजे प्लगपासून मोठ्या कपॅसिटरपर्यंतचा भाग आणि त्याच्या पुढचा मॉसफेट, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग.

दोन गोष्टी सांग. पहिला उडालेला फ्यूज ठेवलायस का, आणि त्याची काच आतून कशी दिसते? आणि बुधवारी टीव्ही बंद पडला त्या आधी घरात लाइटचं काही झालं होतं का?

धनंजय_डोंबिवली
माझापण सेम प्रॉब्लेम!! आवाज येतो सगळा पण पडदा काळा. फ्यूज कुठे असतो ते कोणी फोटो टाकून दाखवेल का, मी नवा घेऊन ठेवलाय.

जुनासोल्डर
धनंजय, आवाज येतोय म्हणजे तुझा फ्यूज शाबूत आहे, तो उडाला तर टीव्हीत काहीच जिवंत राहत नाही. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघ, चित्र पुसटसं दिसलं तर आतल्या बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा त्यांचा सप्लाय गेलाय. ते काम वेगळं, पॅनल उघडावं लागतं, त्याचा वेगळा धागा काढ.

रानवारा
काका, पहिला फ्यूज ठेवलाय. काच आतून काळी आणि थोडी आरशासारखी झालीय, तार कुठे दिसतच नाही. दुसऱ्याचंही तेच.

आणि हो, लाइटचं झालं होतं. बुधवारी साडेआठच्या सुमाराला गल्लीतले सगळे बल्ब एकदम पांढरेफटक झाले, पंखा असा गरगरला की आई घाबरून उठली, अर्धा मिनिट तसं चाललं आणि मग लाइटच गेली. शेजाऱ्यांचा वायफायचा अॅडाप्टर आणि समोरच्यांचे दोन एलईडी बल्ब गेले. मी ते टीव्हीशी जोडलंच नव्हतं, कारण टीव्ही तसाही कुरकुरत होता, दिवाळीपासून सकाळी लावला की पाच-पाच मिनिटं लाल दिवा लुकलुकायचा आणि मग चालू व्हायचा, दुपारी मात्र लगेच लागायचा.

वायरमन_बारामती
हा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार आहे, शंभर टक्के. पोलवर किंवा डीपीत न्यूट्रल सुटला की तीन फेजवरच्या घरांचा लोड एकमेकांत वाटला जातो, ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज चढतं, २३० च्या जागी साडेतीनशे, पार चारशेच्या जवळ जातं. तुमच्या बाजूला चढलं तेव्हा पलीकडच्या गल्लीत बल्ब मिणमिणत असणार, विचारून बघा. टीव्ही दुरुस्त करायच्या आधी घरातल्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा, नाहीतर नवा माल पण जाईल.

जुनासोल्डर
वायरमन साहेब, आभार, सगळं जुळलं. आता नीट वाच रानवारा.

कपॅसिटरचा आजार दिवाळीपासूनचा. गार असताना उशिरा लागणं, तापल्यावर लगेच लागणं, ही फुगलेल्या कपॅसिटरची खूण. आतलं द्रव सुकत येतं, थंडीत तो आणखी आळशी होतो. हीटसिंकला चिकटून उभा म्हणून आठ वर्षं भाजला गेला. तो तू बदललास ते बरोबरच केलंस. पण बुधवारी टीव्ही मारला तो वाढलेल्या व्होल्टेजने. काच काळी आणि आरशासारखी म्हणजे फ्यूजमधून एकदम प्रचंड करंट गेला, तारेची वाफ होऊन काचेला चिकटली. म्हातारपणाने गेलेला फ्यूज असा नसतो, त्यात काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली दिसते, तिथे नवा फ्यूज टाकून कधी कधी काम भागतं. तुझ्यात भागणार नाही हे त्या काचेने आधीच सांगितलं होतं.

आता प्लग काढून, आधी तो सगळ्यात मोठा कपॅसिटर मोज, त्यावर ४५० व्होल्ट लिहिलं असेल. मीटर डीसी ६०० किंवा १००० वर ठेवून त्याच्या दोन पायांवर. सप्लाय चालू असताना त्यात ३२० च्या आसपास असतात, आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. दहाच्या वर काही दिसलं तर होल्डरमधल्या साध्या साठ वॅटच्या बल्बच्या दोन वायरी टेकवून रिकामा कर, बल्ब क्षणभर पेटतो आणि विझतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची नाही, पाय आणि पट्टी दोन्ही जळतात. मोजून शून्याजवळ आल्याशिवाय बोट लावू नकोस, आणि हे करताना घरात दुसरं मोठं माणूस असू दे.

मग फ्यूज काढलेला असताना मीटर बीपवर ठेव. मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर बीप येते का बघ. आणि फ्यूजच्या पुढे जिथे दोन्ही मेन्स लाइन बोर्डवर येतात तिथे एकमेकींत येते का बघ. दोन्ही उत्तरं लिही, अंदाज करू नकोस.

पक्या_इचलकरंजी
तार बांधायचं मागे घेतो काका. त्या मोठ्या कपॅसिटरचा झटका मला बसलाय एकदा, प्लग काढलेलाच होता, हात खांद्यापर्यंत बधिर झालेला दिवसभर. पण एक विचारतो, कपॅसिटर २५ व्होल्टचा होता तिथे ३५ चा चालेल का, मी ऐकलंय जास्त व्होल्टचा टाकला की सेट जळतो.

जुनासोल्डर
चालतो. तो आकडा म्हणजे तो सहन किती करेल ते, तो बाहेर काही देत नाही. २५ च्या जागी ३५ बसत असेल तर खुशाल बसव, फक्त जाडी आणि उंची बघ, कव्हर लागलं पाहिजे. कमीचा मात्र नको. मायक्रोफॅरड तेवढेच ठेव. आणि १०५ डिग्री छापलेला आणि लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला, सांगून घे. ८५ डिग्रीचा तिथे सहा महिन्यांत परत फुगेल.

मीरा_रत्नागिरी
मधेच घुसतेय, माझं टीव्हीचं नाही, सेट टॉप बॉक्सचं आहे. लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, बाकी काही नाही. अॅडाप्टर वेगळा आहे, १२ व्होल्ट २ अँपिअर. मिस्टरांनी अॅडाप्टर मोजला तर १२.२ दाखवतो, म्हणून ते म्हणतात बॉक्सच गेला, नवा घेऊ. आमच्याकडे समुद्र जवळ, सगळं गंजतं, म्हणून मलाही तेच वाटतंय. बॉक्सचा फ्यूज कुठे असतो?

जुनासोल्डर
मीराताई, अजून नवा बॉक्स घेऊ नका. अॅडाप्टर नुसता मोजला तर म्हातारासुद्धा १२ दाखवतो, बॉक्स जोडल्यावर किती राहतात ते महत्त्वाचं. बॉक्सचे चार स्क्रू काढा, अॅडाप्टरची पिन जिथे घुसते त्या सॉकेटचे पाय आतून दिसतील, बॉक्स चालू करून तिथे मोजा. आत १२ व्होल्टच आहेत, पण डिश किंवा केबलची वायर आधी काढून ठेवा. अॅडाप्टरवर चालणाऱ्या बॉक्सच्या आत काचेचा मेन्स फ्यूज नसतो. फ्यूज अॅडाप्टरमध्ये असतो, तोही बऱ्याचदा रेझिस्टरसारखा दिसणारा, आणि १२ व्होल्ट येताहेत म्हणजे तो शाबूत आहे. ज्या बॉक्सला थेट दोन पिनांची मेन्स वायर लागते त्यातच आत पॉवर सप्लाय आणि फ्यूज असतो, तिथे वर टीव्हीला सांगितलेली सगळी काळजी लागू.

रानवारा
मोजलं. मोठा कपॅसिटर ८२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा आहे, त्याचं डोकं सपाट आहे, त्यात ४ व्होल्ट उरलेले. त्याच्या पायांवर बीप नाही, आकडा हळूहळू चढत जातो. पण मेन्सच्या दोन लाइनवर सरळ बीप, ०.३ ओहम. प्रोब उलटे लावले तरी तेच.

म्हणजे शॉर्ट प्लगच्या बाजूलाच आहे ना?

जुनासोल्डर
अगदी बरोबर पकडलंस. मोठा कपॅसिटर शॉर्ट नाही म्हणजे मॉसफेटही बहुधा वाचलाय, कारण तो त्याच्याच पुढे असतो. दोन्ही बाजूंनी सारखा बीप म्हणून एखादा डायोड गेल्यासारखंही वाटत नाही, तो एका बाजूने वेगळा आकडा देतो. फ्यूजच्या शेजारी एक निळी किंवा काळी, रुपयाच्या नाण्याएवढी चपटी टिकली असेल, दोन पायांची, बऱ्याचदा काळ्या किंवा पारदर्शक नळीत घातलेली. नळी बाजूला करून बघ, तडा असेल.

रानवारा
सापडली!! निळी टिकली, वर १४डी४७१. नळीत असल्यामुळे वरून काहीच दिसत नव्हतं, नळी कापली तर कडेला काळा ठिपका आणि बारीक तडा, वास पण येतोय जळका. ती काढली आणि परत मोजलं, बीप गेला, मेन्सच्या दोन लाइनमध्ये आता साधारण ९०० किलोओहम दाखवतो.

जुनासोल्डर
हाच व्हॅरिस्टर, आमच्या भाषेत एमओव्ही. व्होल्टेज फार चढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूजला उडवतो, म्हणजे पुढचा सेट वाचतो. तुझ्या टीव्हीचा जीव त्याने वाचवलाय. ९०० किलोओहम हे तिथे असणाऱ्या दुसऱ्या रेझिस्टरचे आहेत, ते बरोबर.

आता नवा फ्यूज टाकून थेट प्लग लावू नकोस. सिरीज बल्ब कर. साधा तारेचा शंभर वॅटचा बल्ब, एलईडी नाही, टीव्हीच्या एका वायरमध्ये ओळीने जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो किंवा विझतो.

आणि तो जो दुसरा १००० चा कपॅसिटर, फुगलेल्याच्या शेजारचा, तो दिसायला ठीक असला तरी काढून मोज.

मीरा_रत्नागिरी
काका, बॉक्सला जोडल्यावर सॉकेटवर मोजलं, आकडा ६ ते ९ च्या मधे नाचतोय, दिवा लुकलुकतो त्याच तालात. शेजारच्या काकूंचा अॅडाप्टर आणला, तोही १२ व्होल्ट २ अँपिअरचा, पिन पण तीच, बॉक्स लगेच चालू झाला. मिस्टरांनी मग जुना अॅडाप्टर पक्कडीने दाबून फोडला, आत १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक कपॅसिटर, वरून फुगलेला आणि खालून रबर पण बाहेर आलेलं, थोडा वाकडा उभा होता.

जुनासोल्डर
तोच. काही वेळा डोकं सपाट राहतं आणि नुसतं खालचं रबर ढकललं जातं, म्हणून कपॅसिटर वाकडा दिसला तर संशय घ्यायचा. पण बुडाशी दिसणारा पिवळा-तपकिरी गोंद म्हणजे गळती नाही, तो कारखान्यातच लावतात हलू नये म्हणून. अॅडाप्टरचं म्हणाल तर नवाच घ्या, फोडलेलं प्लास्टिक परत चिकटवून मेन्सला लावू नका. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

रानवारा
चालू झाला!! सविस्तर लिहितो.

फ्यूज तोच घेतला, टी ३.१५ अँपिअर २५० व्होल्ट. शेजारचा कपॅसिटर काढून मोजला, छापलंय १००० आणि मीटर म्हणतो ६१०, बाहेरून एकदम नव्यासारखा. दोन्ही १०५ डिग्रीचे बसवले, काढण्याआधी बोर्डचा फोटो काढून ठेवला होता म्हणून पट्टी कुठल्या बाजूला ते चुकलं नाही. मग सिरीज बल्ब लावला, एकदा चमकला आणि विझला, लाल दिवा लागला. रिमोटने चालू केला तर मात्र बल्ब अर्धवट पेटला आणि टीव्ही लोगो दाखवून परत बंद, असं तीनदा झालं. मी घाबरलो, वाटलं अजून काही शॉर्ट आहे.

जुनासोल्डर
नाही, ते बल्बमुळे. टीव्ही पूर्ण चालू झाला की जास्त करंट मागतो, बल्ब मध्ये असल्याने व्होल्टेज पडतं आणि सप्लाय थांबतो. लाल दिवा स्थिर लागला, बल्ब विझला, एवढं बघितलं की बल्ब काढायचा आणि थेट लावायचा.

रानवारा
हो, तसंच केलं, दोन तास चालला सलग. सकाळी गार असताना लावला तर लगेच चालू. नवी टिकली १४डी४७१ चीच मिळाली, ती पण बसवली. सॉकेटवर २३४ व्होल्ट आहेत. आईने कीर्तन लावलंय, आवाज इथपर्यंत येतोय.

वायरमन_बारामती
छान. आता एक स्टॅबिलायझर बसवा, हाय कट असलेला, व्होल्टेज फार चढलं की लाइन तोडणारा, म्हणजे परत न्यूट्रल गेला तरी टीव्हीला कळणार नाही.

जुनासोल्डर
हे मला पूर्ण पटत नाही. साध्या स्टॅबिलायझरचा रिले पडायला वेळ लागतो, आणि चारशे व्होल्टला त्याचाच ट्रान्सफॉर्मर जळलेला मी बघितलाय. मीटरजवळ जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवलं तर सगळं घर वाचतं.

वायरमन_बारामती
मी लावलेल्या घरांत स्टॅबिलायझरने वाचलेत सेट, दोन पावसाळे झाले. तुमचं उपकरण चांगलंच, पण सगळ्यांना परवडत नाही.

सागर_लातूर
सगळं वाचून माझा उघडला. फ्यूज चांगला, कुठलाच कपॅसिटर फुगलेला नाही, मोठ्या कपॅसिटरवर ३१२ व्होल्ट येतात, पण लाल दिवा नाही आणि पलीकडे ५ व्होल्टच्या जागी शून्य. आता?

जुनासोल्डर
सागर, सप्लायचा आयसी सुरूच होत नाहीये. त्याच्या जवळ एक छोटा कपॅसिटर असतो, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, करंगळीच्या नखाएवढा. तो सुकतो पण एवढा लहान की फुगत नाही, नजरेला कधीच सापडत नाही. आधी तो बदल, दोन-चार रुपयांचा आहे. त्याने झालं नाही तर आयसी किंवा त्याला सुरुवातीचा करंट देणारे रेझिस्टर, ते इथून सांगता येणार नाही, मोजूनच कळेल. आणि हात लावताना फार जपून, तुझा सप्लाय चालत नाहीये म्हणून ते ३१२ व्होल्ट ओढून घेणारं पुढे कोणीच नाही.

सागर_लातूर
खरंय काका. प्लग काढून दहा मिनिटांनी मोजलं, अजून २१० होते. बल्बने रिकामा केला. छोटा कपॅसिटर ४७ चा आहे, उद्या दुकान उघडलं की आणतो आणि लिहितो.